एका ठोक्याला दोन आवाज

इलेक्ट्रॉनिक ड्रम किटच्या किक पॅडवर पाय एकदाच पडतो आणि हेडफोनमध्ये मात्र ‘धप-धप’ असे दोनदा ऐकू येते. या दोषाला वादक ‘डबल ट्रिगर’ म्हणतात. दुसरी तक्रार त्याच्याइतकीच जुनी आहे. सारख्याच जोराने वाजवलेले ठोके कधी मोठे, कधी लहान येतात, किंवा हळू मारा नाहीतर जोरात, आवाज एकाच पातळीवर अडकून राहतो. या दोन्ही तक्रारींवर बहुतेक वेळा मॉड्यूलमधल्या दोन-चार आकड्यांनी इलाज होतो. पण हे आकडे एकमेकांत गुंतलेले असतात. आधी एक बदलला की दुसऱ्याचा अर्थ बदलतो, त्यामुळे ते कोणत्या क्रमाने हलवायचे हे कळणे सर्वांत महत्त्वाचे.

पॅडच्या पोटात पिझो नावाची पातळ धातूची चकती असते. ती दाबली किंवा थरथरली की तिच्यात विजेचा लहानसा दाब तयार होतो. काठी पॅडवर पडते तेव्हा हा दाब झटकन शिखर गाठतो आणि मग वर-खाली हेलकावे घेत विरत जातो. ताटावर चमचा आपटल्यावर ताट काही वेळ घुमत राहते, तसेच इथे होते. मॉड्यूलला या घुमण्यातून तीन प्रश्नांची उत्तरे काढायची असतात: ठोका खरेच पडला का, तो किती जोरात होता, आणि त्यानंतर आलेले हेलकावे त्याच ठोक्याचे आहेत की नव्या ठोक्याचे. जोराचे उत्तर १ ते १२७ या आकड्यांत मिळते. मिडीच्या भाषेत त्याला व्हेलॉसिटी म्हणतात.

प्रत्येक उत्तरासाठी मॉड्यूलमध्ये वेगळी किल्ली असते. रोलँडच्या मॉड्यूलवर त्यांची नावे पडद्यावर अशी दिसतात: Sensitivity, Threshold, Scan Time, Retrig Cancel आणि Mask Time. सेन्सिटिव्हिटी म्हणजे पॅडकडून आलेल्या दाबाला दिलेली उंची. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. त्याच्या खाली राहिलेला इशारा मॉड्यूल ऐकतच नाही. स्कॅन टाइम म्हणजे शिखर शोधण्यासाठी थांबण्याचा वेळ. रिट्रिग कॅन्सल विरत चाललेल्या हेलकाव्यांचा आकार पाहून खोटे ठोके गाळतो. मास्क टाइमचे काम सर्वांत सरळ आहे: एक ठोका मोजला की ठरावीक मिलिसेकंद त्या पॅडकडे कान बंद. रोलँडच्या बऱ्याच मॉड्यूलवर हा वेळ ० ते ६४ मिलिसेकंदांपर्यंत ठेवता येतो. यामाहाच्या मॉड्यूलवर यांतल्या दोन गोष्टी गेन आणि रिजेक्ट टाइम या नावांनी सापडतात. नावे बदलली तरी काम तेच.

महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रांत आणि बँजो पार्ट्यांत ऑक्टापॅड सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याला पायाने वाजवायचा किक पॅड बाहेरून जोडला की हाच प्रश्न तिथेही उभा राहतो, आणि त्याचा इलाजही हाच.

आकड्यांना हात लावण्याआधी पॅड तपासावा, कारण पॅडचाच दोष असेल तर आकडे तो फक्त झाकतात. मेश हेड सैल असेल तर जाळी ठोक्यानंतर जास्त वेळ थरथरते आणि काठी किंवा बीटर उसळून पुन्हा तिला लागतो. चावीने सर्व स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी सारखे ताणावेत. एका बाजूला ताण जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल तर एकाच पॅडवर जागेनुसार आवाज बदलतो आणि वादकाला वाटते की मॉड्यूल बिघडले. सेन्सरवरचा फोमचा शंकू दबून गेला असेल, किंवा पॅडची पकड सैल होऊन रॅक हलत असेल, तर तेही आधी पाहावे. त्यानंतर मॉड्यूलमध्ये पॅडचा प्रकार बरोबर निवडला आहे का ते बघावे. प्रत्येक प्रकाराबरोबर कंपनीने सगळ्या आकड्यांचा एक संच आधीच भरलेला असतो. रबरी पॅड जोडून मेश पॅडचा प्रकार निवडला तर पुढची सगळी मेहनत चुकीच्या जागेवरून सुरू होते.

आता प्रत्यक्ष दोष ओळखण्याची वेळ. कान इथे अपुरा पडतो, कारण तीस-चाळीस मिलिसेकंदांतले दोन आवाज कधी दोन वाटतात, तर कधी एकच जाड आवाज वाटतो. किट यूएसबीने संगणकाला जोडून कोणत्याही रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये मिडी ट्रॅक सुरू करावा आणि किकवर सावकाश, एकेक करून वीस-पंचवीस ठोके मारावेत. नंतर नोंदींची यादी उघडली की दोष डोळ्यांना दिसतो. एक नमुना असा:

```
0.000 s   Note 36   Velocity 121
0.041 s   Note 36   Velocity 38
```

३६ हा किकचा नेहमीचा नोट क्रमांक. पहिली नोंद खरी आहे. दुसरी ४१ मिलिसेकंदांनी आली आणि तिचा जोर पहिलीच्या तिसऱ्या भागाइतका आहे. पाय एकदाच पडला असेल तर हा बीटरचा उसळलेला धक्का. पेडलवरचा पाय सैल सोडला की बीटर मागे जाऊन पुन्हा हलकेच पॅडला लागतो, आणि त्याला तीस ते पन्नास मिलिसेकंद लागणे स्वाभाविक आहे. दुसरी नोंद सात-आठ मिलिसेकंदांतच आली असती तर गोष्ट वेगळी होती. एवढ्या वेळात बीटर परत येऊच शकत नाही. ती विरत चाललेल्या थरथराटातून उठलेली खोटी नोंद असते. आणि दुसऱ्या नोंदीचा नोट क्रमांकच वेगळा असेल, उदाहरणार्थ किकच्या मागोमाग ३८ म्हणजे स्नेअर वाजत असेल, तर तो डबल ट्रिगर नव्हेच. तो एका पॅडचा धक्का रॅकमधून दुसऱ्या पॅडपर्यंत गेल्याचा परिणाम. त्याला क्रॉसटॉक म्हणतात आणि त्यासाठी वेगळी किल्ली असते. मास्क टाइम एकाच पॅडपुरता असल्याने तो कितीही वाढवला तरी क्रॉसटॉक थांबत नाही. अनेक वादक नेमके इथेच तासभर घालवतात.

या ४१ मिलिसेकंदांच्या दोषावर मास्क टाइम हे औषध आहे, पण ते पहिले नाही. आधी सेन्सिटिव्हिटी पाहायची, कारण वरच्या नोंदीत पहिला आकडा १२१ आहे. वादक मध्यम जोराने वाजवत होता आणि तरीही आकडा जवळपास माथ्यावर पोहोचला. याचा अर्थ सेन्सिटिव्हिटी गरजेपेक्षा जास्त आहे. ती जास्त असली की खऱ्या ठोक्याबरोबर खोटा धक्काही उंच होतो आणि उंबरठा सहज ओलांडतो. डबल ट्रिगर आणि असमान आवाज हे दोन दोष बऱ्याचदा एकाच घरातून येतात, ते असे.

सेन्सिटिव्हिटी बसवण्याची पद्धत अशी. बहुतेक मॉड्यूलवर ट्रिगरच्या सेटिंगच्या पानावर ठोक्याची पातळी दाखवणारी पट्टी असते. ती समोर ठेवून आपण गाण्यात खरोखर मारतो तितका सर्वांत जोराचा ठोका मारावा. पॅड फोडायला निघाल्यासारखा नव्हे. त्या ठोक्याला पट्टी जेमतेम शेवटाला टेकावी. त्याहून कमी जोराने मारले की ती ठळकपणे खाली यावी. मध्यम ठोक्यालाच पट्टी भरून जात असेल तर आकडा एकेक करून उतरवावा. रोलँडवर सेन्सिटिव्हिटी १ ते ३२ अशी असते. समजा वरच्या किकवर ती २४ होती आणि १७ वर आणली. आता मध्यम ठोके ८५ ते १०० च्या दरम्यान येतात आणि जोराचे १२० च्या आसपास. बीटरच्या उसळीची नोंदही ३८ वरून विशीच्या आसपास उतरते. काही ठोक्यांना ती अजिबात येत नाही, काहींना अजून येते. हे आकडे एका किटचे उदाहरण म्हणून घ्यायचे. पाय, पेडल आणि पॅड बदलले की तेही बदलतात.

इथे एक गोंधळ टाळावा. आवाज लहान वाटला की पुष्कळजण सेन्सिटिव्हिटी वाढवतात. पण किटमधल्या किकचा आवाज वाढवण्यासाठी त्या किटच्या मिक्सरमध्ये वेगळी किल्ली असते. ती फिरवल्याने हळू ठोक्यांचा आणि जोराच्या ठोक्यांचा फरक तसाच राहतो. सेन्सिटिव्हिटी वाढवल्याने मात्र तो फरकच संपतो: वरचे सगळे ठोके १२७ ला जाऊन आदळतात आणि वाजवणे सपाट होते. ट्रिगरचे आकडे सहसा मॉड्यूलमधल्या सगळ्या किटना लागू होतात. त्यामुळे एका किटमधला बारीक आवाज सुधारायला निघालेला माणूस बाकीच्या सगळ्या किटचा तोल बिघडवतो.

सेन्सिटिव्हिटी बसल्यावर थ्रेशोल्ड. उंबरठा थोडा वर घेतला तर विशीच्या आतल्या उसळी गळून पडतात. किकवर हे फारसे महाग पडत नाही, कारण किकचे फार हळुवार ठोके क्वचितच लागतात. स्नेअरवर मात्र हात आखडता घ्यावा. स्नेअरवरचे अगदी नाजूक ठोके, ज्यांना वादक घोस्ट नोट म्हणतात, त्याच उंबरठ्याखाली अडकून गप्प होतात. स्नेअरचा थ्रेशोल्ड वाढवताना काठीचे टोक बोटभर उंचीवरून पॅडवर पडू द्यावे आणि तो ठोका ऐकू येतो का ते पाहावे. तो गेला की एक पायरी मागे यावे.

यानंतरही उसळीची नोंद राहिली तर मास्क टाइमकडे यावे. आता तो किती ठेवायचा हे अंदाजाने ठरवायचे नाही, कारण यादीत उसळीचे अंतर मिळालेले आहे. समजा पुन्हा वीस ठोके मारले आणि उरलेल्या खोट्या नोंदी ३६ ते ४३ मिलिसेकंदांच्या अंतराने आल्या. मास्क टाइम ४४ वर ठेवला तर हिशोब जेमतेम बसतो. ४८ वर थोडी जागा सुटते. पुन्हा वीस ठोके मारून यादी पाहावी. प्रत्येक ठोक्याला एकच नोंद असेल तर काम झाले, असे म्हणण्याआधी दुसरी बाजू तपासावी लागते.

मास्क टाइम खरा आणि खोटा ठोका यांत भेद करत नाही. ठरलेल्या वेळेत आलेले काहीही तो गिळतो. म्हणून खरे ठोके किती जवळ येतात हे मोजले पाहिजे. मिनिटाला १२० ठेक्यांच्या लयीत एका ठेक्याचे चार भाग केले तर दोन ठोक्यांत १२५ मिलिसेकंद असतात. १८० च्या लयीत ते ८३ होतात आणि मेटल वाजवणाऱ्यांच्या २०० च्या लयीत ७५. म्हणजे ४८ चा मास्क टाइम कागदावर सुरक्षित आहे. पण दोन्ही पायांनी वाजवणाऱ्याच्या ठोक्यांत अंतर कधीच घड्याळासारखे सारखे नसते. सरासरी ७५ असले तरी एखादी जोडी ५५ वर येऊ शकते. म्हणून ४८ ठीक, ६४ धोक्याचे. खात्री करायची तर मेट्रोनोम लावून आपल्या सर्वांत वेगवान तुकड्याच्या लयीत आठ मात्रा वाजवावे आणि नोंदी मोजाव्यात. बत्तीसच्या जागी एकतीस निघाल्या तर एक ठोका मास्कने खाल्ला. मग मास्क एक पायरी उतरवावा आणि उरलेली उसळ पेडलवर सांभाळावी. बीटरचे अंतर कमी करणे, स्प्रिंगचा ताण थोडा वाढवणे आणि ठोक्यानंतर पाय पेडलवर किंचित दाबून ठेवणे, हे तिन्ही उपयोगी पडतात. उसळ थांबवायला पायाची सवय मॉड्यूलइतकीच कामाची असते. हे ऐकायला कोणाला आवडत नाही, पण ते खरे आहे.

स्नेअरवर हिशोब आणखी घट्ट असतो. तिथे डबल ट्रिगर बहुधा थरथराटाचा असतो आणि यादीत सात ते पंधरा मिलिसेकंदांच्या अंतराने दिसतो. सेन्सिटिव्हिटी आणि थ्रेशोल्ड बसवूनही तो राहिला तर रिट्रिग कॅन्सल एकेक पायरी वाढवावे. ते खरोखरचा नवा ठोका आणि जुन्याची थरथर यांत निदान भेद करायचा प्रयत्न करते. तेही फार वाढवले तर वेगवान रोलमधले ठोके गळू लागतात. त्यानंतर गरज पडली तर मास्क टाइम थोडा वाढवावा, पण किकचा ४८ हा आकडा उचलून स्नेअरला लावू नये. फ्लॅममध्ये दोन काठ्या जाणूनबुजून अगदी थोड्या फरकाने पडतात आणि हा फरक पुष्कळदा वीस ते चाळीस मिलिसेकंदांचा असतो. मास्क टाइम त्याहून मोठा ठेवला की फ्लॅममधला दुसरा, मुख्य ठोकाच नाहीसा होतो आणि उरतो तो आधीचा हलका स्पर्श. शिकणाऱ्याला वाटते की आपल्याला फ्लॅम जमत नाही. १२० च्या लयीत बत्तीसांशाचा डबल स्ट्रोक रोल साडेबासष्ट मिलिसेकंदांवर चालतो, पण बझ रोलमध्ये काठी पॅडवर दाबली जाते आणि ठोके त्याहून कितीतरी जवळ येतात. म्हणून स्नेअरचा मास्क टाइम खोट्या नोंदीच्या अंतरापेक्षा जेमतेम मोठा ठेवावा, त्याहून नाही.

सेन्सिटिव्हिटी नीट बसूनही सारखे ठोके वेगवेगळे येत असतील तर स्कॅन टाइम पाहावा. मॉड्यूल शिखर गाठण्याआधीच मोजमाप संपवत असेल तर एकाच जोराचा ठोका कधी ७० तर कधी ९५ असा नोंदला जातो. एकाच ठिकाणी सारख्या जोराने मारत राहावे आणि स्कॅन टाइम शून्यापासून हळूहळू वाढवावा. आकडे स्थिर झाले की थांबावे. मग हळू आणि जोराचे ठोके मारून फरक नीट येतो का ते पाहावे. हे आकडे एक-दोन मिलिसेकंदांचे असतात. स्कॅन टाइम फार वाढवला तर काठी पडणे आणि आवाज येणे यांत विलंब वाढतो, कारण तेवढा वेळ मॉड्यूल मोजतच असते.

असमानतेचे दुसरे कारण जागेचे असते. ज्या पॅडमध्ये सेन्सर मधोमध, शंकूखाली असतो, तिथे मध्यावर पडलेला ठोका आजूबाजूच्या ठोक्यांपेक्षा फार मोठा नोंदला जातो. यादी पाहून हे लगेच कळते: मध्यावर १२७, दोन बोटे बाजूला ८०. सेन्सिटिव्हिटी उतरवली की हा फरक काहीसा सौम्य होतो, पण पूर्ण जात नाही. हेडचा ताण सगळीकडे सारखा करावा आणि काठी किंचित मध्याबाहेर पाडायची सवय लावावी. किकवर दोन बीटर असतील तर पेडल असे ठेवावे की दोन्ही बीटर मध्यापासून सारख्या अंतरावर पडतील. नाहीतर डावा पाय कायम दुबळा वाटेल आणि दोष पायाला लागेल.

व्हेलॉसिटी कर्व्ह ही किल्ली शेवटी फिरवावी. ती मोजमाप सुधारत नाही. मोजलेल्या जोराचे आवाजात रूपांतर कसे व्हावे एवढेच ती ठरवते. रोलँडवर लिनिअर हा मूळ पर्याय असतो. हळू वाजवणाऱ्याला लॉग प्रकारचे कर्व्ह लवकर मोठा आवाज देतात, तर एक्स्प प्रकारचे कर्व्ह जोरदार ठोक्यांमध्ये जास्त फरक दाखवतात. सेन्सिटिव्हिटी चुकलेली असताना कर्व्ह बदलला तर दोन चुका एकमेकींना झाकतात आणि पुढे कोणती चूक कुठे आहे ते सापडत नाही.

सगळे आकडे बसवल्यावर ते कागदावर लिहून ठेवावेत, पॅडनिहाय. मॉड्यूल फॅक्टरी रिसेट झाले, किंवा किट नव्या जागी, वेगळ्या जमिनीवर उभे केले, तर हीच यादी कामी येते.

आणि शेवटचे: मास्क टाइम ६४ वर नेऊनही दोनदा वाजत असेल, किंवा काही न मारता अधूनमधून नोंदी येत असतील, तर सेटिंग बदलणे थांबवावे. आधी केबल बदलून पाहावी, मग तो पॅड मॉड्यूलच्या दुसऱ्या जोडणीत लावावा. तिथे पॅडचा प्रकार पुन्हा निवडायला विसरू नये. दोष पॅडबरोबर गेला तर सेन्सर खराब आहे. दोष जुन्याच जोडणीवर राहिला तर मॉड्यूल दुरुस्तीला द्यावे लागेल.